रेट मागवताय? मग सातही वेंडर सीसीत टाका की!

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कंपनीत तुम्ही पर्चेसला नवीन लागलाय आणि साहेबांनी सांगितलंय की पंपाच्या बॉडीचं मशीनिंग बाहेरून करून घ्यायचंय, महिन्याला 400 नग, सात जणांकडून रेट मागवा. आता सात मेल कोण टाइप करत बसणार? एकच मेल लिहा, ड्रॉइंग जोडा, आणि सातही पत्ते सीसीत ओता. काम संपलं, चहाला चला.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात कागदाखाली कार्बन घालून जी दुसरी प्रत निघायची ती. खरं तर तेव्हाही ती कुणाकुणाला गेली ते पत्राच्या खाली लिहायचेच, म्हणजे सगळ्यांना कळावं हाच हेतू, आणि ई-मेलमध्येही तेच आहे: टू आणि सीसीत घातलेलं प्रत्येक नाव बाकी प्रत्येकाला दिसतं, पत्त्यासकट. पण एवढा विचार करायला तुम्ही काय रिकामे बसलाय?

तर मेल गेली. पाच मिनिटांत उद्यमनगरात एकाचा फोन दुसऱ्याला, "काय राव, तुलाबी आलीय का ती मेल?" "आलीय की, आणि वरच्या गल्लीतल्याला पण आलीय, नाव दिसतंय बघ." संध्याकाळी तिघं एका टपरीवर भेटतात, उरलेल्यांना फोन लागतो. बघा, तुम्ही एका मेलमध्ये केवढी माणसं जोडलीत! समजा मागच्या वर्षी हेच काम नगाला 185 रुपयांत होत होतं. आता सातही कोटेशन एकाच दिवशी, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान येतात, सगळ्यात कमी 210 आणि सगळ्यात जास्त 214. अटी सगळ्यांच्या सारख्या, आणि दोघांच्या कोटेशनमध्ये 'डिलिव्हरी'चं स्पेलिंगपण एकाच जागी चुकलेलं. साहेबांनी विचारलंच तर सांगा, मार्केटच चढलंय.

कधीकधी उलटंही होतं. सातातला एक भाबडा असतो, तो मोबाइलवरून थेट 'रिप्लाय ऑल' दाबतो आणि आपला 182 चा रेट ब्रेकअपसकट बाकी सहा जणांना वाचायला देतो. दुसरा लगेच 181.50 टाकतो, ड्रॉइंग न उघडताच. तुम्ही खूश, पन्नास पैसे वाचले. पण ज्यानं ड्रॉइंग नीट वाचून, टॉलरन्स बघून, टूलिंगचा खर्च धरून खरा हिशेब केला होता तो पुढच्या वेळी तुम्हाला कोट करणार नाही, आणि 181.50 वाला पहिल्याच लॉटला बोअर मोठं करून आणेल.

आता कुणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल, अरे बीसीसी वापरायचं. बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, प्रत मिळते पण नाव कुणाला दिसत नाही. हे चालतं कसं ते साधं आहे. मेल कुणाकुणाला पोचवायची ही यादी सर्व्हरकडे वेगळी जाते आणि मेलच्या माथ्यावर जी नावं दिसतात ती वेगळी. बीसीसीतलं नाव पोचवायच्या यादीत असतं, बाकीच्यांना दिसणाऱ्या माथ्यावर नसतं. तुमच्या स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये मात्र दिसत राहतं, तेव्हा तुमची स्क्रीन उघडी टाकून जेवायला जाऊ नका, म्हणजे खरं तर जाच, या लेखाचा सूर तोच आहे.

टू मध्ये स्वतःचा पत्ता आणि सातही जण बीसीसीत, असं केलं की एकाला दुसरा दिसत नाही आणि कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडेच येतं. (टू रिकामं सोडलं तर पलीकडच्याला बऱ्याचदा `undisclosed-recipients` असं काहीतरी दिसतं आणि तो ती मेल लॉटरीची समजून उडवतो.) पण रेट मागवायला हेही अर्धवटच. 'डिअर सर' वाचूनच त्याला कळतं की ही गठ्ठ्यानं पाठवलीय, मग तो पण गठ्ठ्यातलाच रेट देतो. त्यात वर 'नमस्कार अमुक इंजिनिअरिंग' असं एकाचं नाव राहून गेलं, तर उरलेल्या सहांना प्रतिस्पर्धी कोण हे तुम्हीच कळवलंत. रेटसाठी सात वेगळ्या मेल लागतात. पंधरा मिनिटं जातात फार तर. पण तुम्हाला चहाला जायचंय ना.

बीसीसी जिथं खरंच शोभतं ते काम कंटाळवाणं आहे. दिवाळीत कारखाना बंद राहणार, बिलं नव्या पत्त्यावर पाठवा, असलं काही दीडशे सप्लायरांना एकदम कळवायचं असतं, कुणाकडून उत्तर नको असतं आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा आपल्याला काही अधिकार नसतो. तिथं तुम्ही अर्थातच सीसी वापरा. मग एकजण "नोटेड सर" सगळ्यांना पाठवतो, दुसरा "हॅपी दिवाळी" सगळ्यांना, तिसरा "मला यातून काढा" तेही सगळ्यांनाच, आणि चौथा तुमच्याकडं सात महिने अडकलेल्या पेमेंटची आठवण दीडशे जणांसमोर करून देतो.

आणि सीसी कुठं? ऑर्डर फायनल झाली की पीओ वेंडरच्या नावानं टू मध्ये, कारण माल त्यानं करायचाय. स्टोअर आणि क्वालिटी सीसीत, कारण माल येणार हे त्यांना माहीत हवं, आणि त्यांना माहीत आहे हे वेंडरलाही दिसलं पाहिजे. ज्यानं काम करायचं तो टू, ज्यानं नुसतं वाचायचं तो सीसी. पण तुम्ही सगळ्यांनाच टू मध्ये घाला. प्रत्येकाला वाटेल दुसरा करतोय, आणि ट्रक गेटवर उभा राहील.

आता बीसीसीचा सगळ्यात लाडका उपयोग सांगतो. वेंडरशी घासाघीस चालूय, आणि आपण किती ताणून धरलंय हे साहेबांना दाखवायचंय, तर गुपचूप त्यांना बीसीसीत घाला. साहेब गाडीत, हातात मोबाइल. मेल वाचून ते रिप्लाय ऑल दाबतात. बीसीसीतल्या माणसानं रिप्लाय ऑल केलं की उत्तर पाठवणाऱ्याला, टू वाल्याला आणि सीसीवाल्यांना, सगळ्यांना जातं. "175 च्या वर जाऊ नका, याला कामाची गरज आहे, वाकेल." वेंडरला एका दमात तीन गोष्टी कळल्या: साहेब पहिल्यापासून ऐकत होते, तुमचा आकडा काय आहे, आणि तुम्ही त्याला काय समजता. हेच मेल आधी वेंडरला पाठवून मग सेंटमधून साहेबांना फॉरवर्ड केलं असतं, तर त्यांनी कुठलंही बटण दाबलं तरी उत्तर तुमच्याकडंच आलं असतं. पण त्यात थरार नाही.

गेलेली मेल परत आणायचं म्हणाल तर जीमेलमध्ये 'अनडू' आहे, सेटिंगमध्ये जास्तीत जास्त 30 सेकंदांपर्यंत वाढवता येतं, आणि तुम्ही ते वाढवलेलं नसणार. म्हणून मग "प्लीज इग्नोअर माय अर्लियर मेल" अशी नवी मेल सगळ्यांना पाठवा. ज्या दोघांनी पहिली उघडलीच नव्हती, ते आता आधी तीच उघडतील.