गिटार स्पीकरला टेकवू नका, दोन पावलं मागे या

"फीडबॅक म्हणजे वायरिंगचा दोष. त्याने स्पीकर जळतो. रेकॉर्डवर ऐकू येतो तो निव्वळ अपघात, ठरवून कुणालाच काढता येत नाही. हौसच असेल तर आवाज फुल्ल करा आणि गिटार स्पीकरला टेकवा."

हा फॉरवर्ड भाच्याने मला पाठवला, तोही शेवटचं वाक्य करून पाहिल्यावर! फीडबॅक म्हणजे स्पीकरमधून निघालेल्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा थरथरून सूर चालूच राहणं. म्हणून आधी तेच. गिटार टेकवली की सगळ्या तारा एकदम थरथरतात, तारांची थरथर टिपणारा पिकअपसुद्धा हादरतो आणि नुसती किंकाळी निघते. सूर निवडायला जागाच उरत नाही. शिवाय १०० डेसिबलला उघड्या कानांसाठी सुरक्षित धरलेला वेळ दिवसभरात मिळून १५ मिनिटं आहे.

आता 'अपघात'. डेव्हिड बोवीचं १९७७ चं 'हीरोज' ऐका. त्यातली ती लांबत जाणारी गिटार रॉबर्ट फ्रिपची. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने सांगून ठेवलंय की कुठला सूर स्पीकरपासून किती अंतरावर धरतो हे फ्रिपने मोजलं होतं: ए साधारण चार फुटांवर, जी साडेतीनवर. स्टुडिओच्या जमिनीवर तशा खुणांची पट्टी होती आणि जो सूर हवा त्या खुणेवर तो उभा राहायचा. हा कसला अपघात?

अंतराने फरक का पडतो? स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा ढकलतो. हा धक्का तारेच्या हेलकाव्याशी जुळला तर सूर फुगतो, उलटा बसला तर विरतो. बारीक ई तारेवर गिटारच्या पाचव्या फ्रेटवरचा ए म्हणजे ४४० हर्ट्झ, त्याची लहर ७८ सेंटिमीटरची. म्हणजे ३९ सेंटिमीटर सरकलात की धक्का उलटा, आणि बऱ्याचदा त्याच तारेचा वरचा एखादा स्वर उसळून येतो.

भाच्याला मी हेच करायला लावलं. कानात प्लग, आवाज फाटवणारा ओव्हरड्राइव्ह चालू, अँपकडे तोंड. बाकीच्या तारा तळव्याने आणि मोकळ्या बोटांनी दाबायच्या, एकच सूर धरून हळूहळू मागे-पुढे व्हायचं. सूर फुगायला लागला की करंगळीने गिटारची व्हॉल्यूम नॉब किंचित उतरवायची, नाहीतर अंग अँपपासून वळवायचं. बंद करायचा तर सगळ्या तारांवर हात.

दोषाची गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य. तारांवर हात ठेवूनही चिरका आवाज चालूच राहिला, तर बहुधा पिकअपच्या आतलं वेटोळं सैल आहे. ते मेणात बुडवून घट्ट करतात. हात ठेवताच थांबला, तर गिटार ठीक आहे.

राहिला स्पीकर. माइकच्या शिट्टीने पीए सिस्टिमचे ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, जळू शकतात. नेहमीच्या गिटार अँपमध्ये ट्वीटर नसतोच.