शर्ट-पँटवरून निदान होत नाही: एका मामांच्या प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, तुमचा डिस्फोरियावरचा लेख वाचला. माझी भाची सोळा वर्षांची आहे. लहानपणापासून शर्ट-पँट, बारीक केस, पोरांत क्रिकेट. आम्ही कधी अडवलं नाही. आता असले लेख वाचून म्हणते, ‘मामा, मला डिस्फोरिया आहे.’ आमच्या काळी अशा पोरी सोलापुरात गल्लोगल्ली होत्या, कुणी त्यांना आजाराचं नाव दिलं नव्हतं. प्रत्येक दांडगट पोरीला तुम्ही आता पुरुष करणार का? आणि खरंच दोन्हींत फरक असेल तर तो ओळखायचा कसा, ते लिहा. — एक मामा, जुळे सोलापूर»

नमस्कार मामा,

नाही, करणार नाही. तसं करायला शास्त्रही परवानगी देत नाही. डिस्फोरिया म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग न जुळल्याचा त्रास. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-11 हे वर्गीकरण 2022 पासून लागू आहे. केवळ वागणं आणि आवडीनिवडी वेगळ्या आहेत एवढ्यावर लिंग न जुळण्याचं निदान करता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यातच हे न जुळणं मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढली गेली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 साली ‘जेंडर डिस्फोरिया’ हे नाव स्वीकारलं, तेव्हा त्यांनीही मुद्दाम लिहिलं की साचा मोडणारं वागणं वेगळं आणि डिस्फोरिया वेगळा. तुमच्या काळच्या गल्लोगल्लीच्या पोरींपैकी बहुतेक जणी साचा मोडणाऱ्याच असणार. सगळ्या तशाच होत्या, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या आत काय चाललं होतं ते तेव्हा कुणी विचारलंच नाही.

आता फरकाकडे. साचा न पाळणाऱ्या माणसाचं भांडण नियमाशी असतं: मुलीनं असं बसू नये, पोरानं रांगोळी काढू नये. नियम सैल झाला की त्रासही बराचसा सैल होतो. डिस्फोरियात नियम पुरता काढून टाकला तरी काहीतरी उरतंच. जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग जुळत नाही, म्हणून स्वतःची छाती, आवाज, दाढी किंवा लोकांनी ‘ती’ अथवा ‘तो’ म्हणणं खुपत राहतं. अमेरिकेतल्या त्या संघटनेच्या निकषांनुसार निदानासाठी ही विसंगती किमान सहा महिने टिकलेली असावी लागते. सहापैकी किमान दोन खुणा दिसाव्या लागतात. शरीराच्या लिंगदर्शक खुणा नकोशा होणं, दुसऱ्या लिंगाच्या खुणा हव्याशा वाटणं, दुसऱ्या लिंगाचंच असावं किंवा लोकांनी तसं वागवावं अशी तीव्र इच्छा असणं, अशा त्या खुणा. त्यातून खरा क्लेश झालेला किंवा शिक्षण, काम, माणसं यांत अडथळा आलेला असावा लागतो. कपडे, केस आणि क्रिकेट या सहांत कुठेच नाहीत. (लहान मुलांसाठीचे निकष वेगळे आहेत. भाची सोळाची आहे, म्हणून ते इथे सोडते.)

हे कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात नियमाचा त्रास आणि शरीराचा त्रास एकमेकांत इतके गुंततात की ज्याचं दुखतं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी ‘तू कोण आहेस’ असं विचारतच नाही. एक वही करायला सांगते. जेव्हा जेव्हा खुपेल, तेव्हा चार ओळी लिहायच्या: कुठे होतीस, सोबत कोण होतं, नेमकं काय खुपलं आणि ते कधी थांबलं. ज्या दिवशी बरं वाटलं त्याचीही नोंद करायची. ती बहुतेक जण विसरतात, आणि निर्णायक बऱ्याचदा तीच ठरते.

अशोक चौकाच्या बाजूची एक मुलगी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घर पद्मशाली, वडील यंत्रमागावर. वय वीस, केस बारीक, मध्यमगती गोलंदाज. तुमच्या भाचीसारखीच ‘मला डिस्फोरिया आहे’ असं ठरवूनच आली होती. छाती नको वाटते, पाळीचा संताप येतो, साडी म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि मराठीत चौथीपासून ‘मी जातो, मी येतो’. ऐकताना कुणालाही वाटेल, निदान झालंच.

वहीतून वेगळंच चित्र आलं. छातीबद्दलच्या जवळजवळ सगळ्या नोंदी मैदानावरच्या होत्या. रनअप घेताना कट्ट्यावरची पोरं बघून काहीतरी बोलायची. चांगली स्पोर्ट्स ब्रा मिळाली आणि सरावाची वेळ बदलली, त्यानंतर नोंदी तुरळक झाल्या. मी विचारलं, खोलीचं दार लावून एकटी आरशासमोर उभी राहिलीस की काय होतं? म्हणाली, ‘काही नाही, खांदे बघते.’ पाळीचा राग देवघराच्या उंबऱ्यावर अडवल्याचा होता. आत्याच्या घरी अडवत नसत, आणि तिथे पाळी आली तर वहीत पोटदुखीशिवाय काहीच नव्हतं.

‘मी जातो’चा उलगडा सोलापूरचाच म्हणायचा. तिच्या घरी तेलुगू बोलतात. ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ या दोन्हींसाठी तेलुगूत एकच क्रियापद आहे, बोलणाऱ्याचं लिंग त्यात दिसतच नाही. मराठी ती गल्लीतल्या पोरांकडून शिकली, त्यांचंच रूप तिच्या तोंडात बसलं. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायकाही सर्रास ‘मी येतो’ म्हणतात. म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. विचारायचं असतं ते वेगळंच: मास्तरांनी ‘जाते म्हण’ असं दटावलं तेव्हा काय वाटलं? तिला चीड आली होती, अपमान वाटला होता. पण ‘मला हे चुकीचं माणूस समजतात’ अशी भावना तिथे नव्हती.

मग आम्ही एक छोटा प्रयोग केला. दोन जवळच्या मैत्रिणींनी काही आठवडे तिला मुलाच्या नावानं हाक मारायची, ‘तो’ म्हणायचं. सहज मागे घेता येतं आणि खर्च काही नाही, म्हणून मला हा प्रयोग आवडतो. पहिले दोन दिवस तिला गंमत वाटली. पुढे म्हणाली, ‘स्नेहसंमेलनातल्या नाटकात काम करतोय असं वाटतं.’ शेवटी विचारलं: समज, उद्यापासून कुणी बघणार नाही, टोकणार नाही, लग्नाचं काढणार नाही, आणि तू हीच, या शरीरात. चालेल? ती हसली. ‘तेच तर पाहिजे मला.’ तिला साचा नको होता, शरीर बदलायचं नव्हतं.

याउलट दुसरा अनुभव. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मिशी, आवाज भारदस्त, गणेशोत्सवात ढोल वाजवणारा. वागण्यात एकही गोष्ट ‘बायकी’ म्हणावी अशी नव्हती, घरच्यांना संशयही आला नसता. वहीतल्या नोंदी मात्र एकांतातल्या होत्या: दाढी करताना, स्वतःचा व्हॉइस मेसेज परत ऐकताना, रात्री अंघोळ करताना. कुणी टोकलेलं नाही, दिवस चांगला गेलेला, तरीही नोंद आहेच. मनातल्या मनात विचार ‘मी गेले, मी आले असते’ अशा रूपात, कित्येक वर्षं. एका मैत्रिणीनं चॅटवर ‘ती’ म्हटलं, त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘आज पहिल्यांदा झोप लागली.’ हाक मारण्याच्या प्रयोगात हा हलकेपणा ओसरला नाही, आठवड्यागणिक वाढत गेला. तोवर कॉलेजला जाणं बंद पडलं होतं. हा डिस्फोरिया होता. तेव्हा सगळे तिला ‘तो’ म्हणत, आता मी ‘ती’ म्हणते.

दोन्ही शेजारी ठेवा मामा. बाहेरून बघणाऱ्यानं नेमकं उलटं निदान केलं असतं. साचा मोडणं आणि डिस्फोरिया ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. काहींमध्ये दोन्ही असतात, काहींमध्ये एकच. तुमच्या भाचीचे बारीक केस डिस्फोरिया सिद्ध करत नाहीत, तसे तो नाकारतही नाहीत.

वही फसते कुठे, तेही सांगायला हवं. वयात येताना शरीर परकं वाटणं, विशेषतः मुलींना, अगदी सर्रास आढळतं. बसमध्ये अंगचटीला आलेल्या हाताची आठवण छातीवर राग बनून राहू शकते. खोल नैराश्यात तर सगळंच नकोसं होतं, तेव्हा शरीरावरचा राग वेगळा काढता येत नाही. अशा वेळी आधी झोप, जेवण आणि नैराश्य यांकडे बघून मग वहीकडे वळावं. जिला मुली आवडतात आणि तशा मुलीचं आयुष्य तिनं कधी पाहिलेलंच नाही, तिला ‘म्हणजे मी मुलगाच असणार’ असं वाटू शकतं. तिला मी वेगळा प्रश्न विचारते: स्वप्नात त्या मुलीसोबत तू मुलगी म्हणून असतेस, की मुलगा म्हणून? आणि काहींना डिस्फोरिया दुखण्यासारखा जाणवतच नाही, सगळं सुन्न असतं, वही कोरीच राहते. तिथे दुःखापेक्षा हलकेपणाच्या नोंदी शोधाव्या लागतात. यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. काहींचं उत्तर वर्षभरानंतरही स्पष्ट होत नाही, आणि तोवर ‘अजून माहीत नाही’ असं म्हणता येतं.

घरच्या माणसाला निदान करता येत नाही, पण वही खरी लिहिली जाईल असं घर ठेवता येतं. ‘तुला डिस्फोरिया नाहीच’ म्हणालात तर ती तुम्हाला पटवण्यासाठी लिहील. ‘आहेच’ म्हणालात तर मागे फिरायला लाजेल. ‘काय खुपतं, आणि कधी खुपत नाही?’ एवढं विचारा आणि उत्तरावर वाद घालू नका. देवघर, बसणं, पाहुण्यांसमोरचे कपडे यांतलं जे सोडता येईल ते आताच सोडा. त्रास नियमाचा असेल तर यानंच उतरेल. नसेल तर जे उरेल ते स्वच्छ दिसेल.

दोन गोष्टी मात्र लगेच बघा. छाती दाबायला ती क्रेप बँडेज गुंडाळत असेल तर थांबवा, निदान काहीही असो. ते श्वासागणिक आवळत जातं, बरगड्यांना इजा होऊ शकते, आणि गोलंदाजी करताना तर नकोच नको. घट्ट स्पोर्ट्स ब्रा त्यापेक्षा बरी, तीही झोपताना काढायची. आणि इंटरनेटवर वाचून मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनं आणली जाऊ देऊ नका. तो निर्णय सोळाव्या वर्षी एकटीनं घ्यायचा नसतो.

सिव्हिलमध्ये किंवा खाजगीत मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलंत तर पहिल्याच भेटीत ते काय म्हणतात ते ऐका. ‘महिन्याभरात सरळ करतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. अशा ‘उपचारा’ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. आणि पंधरा मिनिटांत डिस्फोरियाचा कागद हातात ठेवणाऱ्याकडेही परत जाऊ नका.