वैतरणीला पूर असेल का गं?

आज मावशीकडे काकांचा नववा दिवस होता. तिथून घरी येईपर्यंत रिक्षात नुसती दातओठ खात होते, म्हणून आल्या आल्या हे टाइप करतेय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

संध्याकाळी गुरुजी गरुडपुराण वाचून गेले. आजच्या भागात यमपुरीचा रस्ता होता, छ्याऐंशी हजार योजनं, आणि वाटेत ती वैतरणी, शंभर योजनं रुंद, पाण्याऐवजी रक्त आणि पू. गुरुजी गेले, चहा झाला आणि मावशी मला हळूच म्हणाली, "आत्ता पावसाळा आहे, वैतरणीला पूर असेल का गं? ह्यांना पोहता येत नव्हतं."

मी काही बोलायच्या आत आमचा एक भाऊ (नाव घेत नाही, तो हे वाचणारच आहे) हसत म्हणाला, "मावशी, वैतरणा मुंबईला पाणी देते, पूर आला तर चांगलंच आहे." आणि मग त्याने लेक्चर सुरू केलं, की स्वर्ग-नरक अशा जागाच नसतात, सगळं स्टेट ऑफ माइंड आहे, बुद्धाने हेच सांगितलंय, येशूनेही हेच सांगितलंय, आपल्याकडे भटजींनी धंदा केला. मावशी "हो का" म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आता मी काही स्वर्गाची वाट बघत बसलेली बाई नाही, हे तुम्हाला माहितीये. नऊ दिवस शोकात असलेल्या बाईसमोर कढईत तळणं आणि साप चावणं वाचायचं हे मलाही भयंकर वाटतं. पण "स्टेट ऑफ माइंड" हे तीन शब्द लोक असे टाकतात ना, जसं काही तिथे विषय संपला. अरे, तिथे तर तो सुरू होतो!

मला माझी आजी आठवली. माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात घरात तिची चार पोरं, खायला रेशनची लाल मिलो आणि दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी. एका दुपारी एक बाई कडेवर पोर घेऊन दारात आली, भाकर मागितली. आजीने दार लावून घेतलं. आत टोपल्यात दीड भाकरी होती. त्या बाईचं पुढे काय झालं कोणालाच माहीत नाही. आजी २००९ मध्ये गेली, म्हणजे सदतीस वर्षं ती त्या दाराशी उभी होती. शेवटच्या आठवड्यात एकच घोकणं, "मला वैतरणी न्हाई वलांडायची, म्या गाय कुठं दिली कुणाला." (गाय दान दिली की तिची शेपटी धरून पार होता येतं असं आहे ते.)

आता सांगा, आजीचा नरक जागा होता की अवस्था? तिच्या लेखी तो नदी, दक्षिण दिशा, यमाचे दूत, सगळ्यासकट पक्का पत्ता होता. आणि राहत होती ती त्यात आधीपासूनच, जिवंतपणी, आमच्या घरात, दूरदर्शनसमोर बसून.

आणि हा प्रश्न काही आमच्या भावाने शोधून काढलेला नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात परीक्षित राजा शुकाला सरळ विचारतो, महाराज, हे नरक म्हणजे काही विशिष्ट जागा आहेत का, त्रैलोक्याच्या बाहेर आहेत की मधेच कुठे? शुक पत्ता देतो, त्रैलोक्याच्या आतच, दक्षिणेला, जमिनीच्या खाली आणि पाण्याच्या वर. मग तामिस्र, रौरव, कुंभीपाक करत अठ्ठावीस नरकांची यादी. यादी आपण चवीने वाचतो, पण विचारणारा कोण आहे ते बघत नाही. परीक्षित सात दिवसांत मरणार आहे. त्याच्यासाठी हा चर्चेचा विषय नाहीये, तो जायच्या गावाची चौकशी करतोय. शुक त्याला हसत नाही. मुंबईच्या पाण्याचा जोक करत नाही.

बुद्धाने हेच सांगितलं म्हणे. सांगितलं, अगदी खरं. समुद्रात तळ नसलेलं पाताळ आहे असं लोक म्हणतात, पण पाताळ हे शरीराच्या दुःखद वेदनेचंच नाव आहे, असं पाली सुत्तात आहे. पण त्याच त्रिपिटकात यम आहे, नरकाचे रक्षक आहेत, तापलेलं लोखंड आहे, हे गाळायचं कसं? मला ह्यात सगळ्यात आवडतो तो वसुबंधू. गांधारातला बौद्ध पंडित, चौथ्या-पाचव्या शतकातला. ह्या माणसाने अभिधर्मकोशात अवीची नरक जंबुद्वीपाच्या वीस हजार योजनं खाली आहे असं मोजून लिहिलंय, सर्व्हेयरसारखं. आणि परंपरा म्हणते त्याच वसुबंधूने विंशतिका लिहिली, वीसेक श्लोकांची, आणि त्यात नरकपालांनाच उडवलं.

कसं, तर तो विचारतो, नरकाची जमीन तापलेल्या लोखंडाची. त्यावर उभे राहून जे पाप्यांना मारतात ते खरे जीव आहेत का? असतील तर त्यांचे पाय भाजायला हवेत. भाजत असतील तर ते स्वतःच बोंबलत असणार, दुसऱ्याला मारणार कधी? आणि भाजत नसतील तर ते नरकात जन्मलेच कसे, तिथला जन्म तर पापाशिवाय मिळत नाही. म्हणजे मारणारे बाहेरचे कोणी नाहीतच. ज्याचं कर्म पिकलंय त्यालाच ते दिसतात, आणि सगळ्यांना एकसारखे दिसतात कारण कर्म एकसारखं आहे. बास, झालं की स्टेट ऑफ माइंड? थांबा जरा. मार बसतोच. मारणारा खोटा ठरला म्हणून मार हलका होत नाही, उलट हात जोडायला समोर कोणी उरत नाही. "नुसतं मनात आहे" मधला तो "नुसतं" वसुबंधूकडे नाहीच, तो आमच्या भावाने पदरचा घातलाय.

आजीच्या दारातली बाई पण तशीच. ती १९७२ मध्येच निघून गेली होती. आजीला मारणारं दारात कोणी नव्हतं.

आता ख्रिश्चनांचं. येशूच्या तोंडी नरकासाठी जो शब्द येतो, गेहेन्ना, ती चक्क एक दरी आहे, जेरुसलेमच्या दक्षिणेला, हिन्नोमची दरी. (दक्षिण इथे पण! योगायोग असेल, पण मला गंमत वाटली.) बायबलमधला यिर्मया सांगतो की तिथे लोकांनी आपली पोरं आगीत जाळली होती. त्या पापाने ती जागा इतकी बाटली की तिचं नाव शिक्षेलाच पडलं. म्हणजे आधी जागा, मग तिथलं पाप, मग जागेच्या नावाची भीती. आज तिथे गवत आहे, लोक फिरायला जातात. आणि गोव्यात आलं की तोच नरक यमकोंड होतो, कोकणी ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या यमाच्याच कुंडाला घाबरतोय.

जुलै १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे भर सभेत म्हणाले, की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून आणि कायमचं तोडून घेतलेल्यांची अवस्था आहे, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात स्वर्गाबद्दलही, की ती ढगातली जागा नव्हे. घ्या, भाऊ जिंकला! पण त्या वाक्यात "कायमचं" आहे ते वाचलं का? कॅथलिक शिकवणीत नरक सनातन आहे, जागा काढून टाकली तरी मुदत काढलेली नाही. आपल्याकडे निदान शिक्षा संपते. अवीचीत कल्प जातात पण बाहेर पडता येतं, आणि स्वर्गाचं तर त्याहून वाईट, गीता म्हणते पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात, म्हणजे देवांनाही भाडेकरार. माझ्या मते जागा की अवस्था हा भांडणाचा मुद्दाच नाही, मुदत किती आणि दार कोणाच्या हातात, हा आहे. कॅथलिक म्हणतील दार माणसानेच आतून लावलंय. बरोबर असेल. आजीनेही तेच केलं होतं, खरोखरचं दार.

वसईची माझी मैत्रीण हे वाचून भांडायला येईल, ये बाई. आणि नागपूरचा मित्र म्हणेल बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान दोन्ही बंद केलं, तुम्ही अजून नदीचं पाणी मोजताय. मान्य. त्याच्या घरी नवव्या दिवशी कोणी बायकांना घाबरवत नाही हे मला मान्यच करावं लागतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भावाचा हेतू वाईट नव्हता, मावशीची भीती घालवावी असंच त्याला वाटलं असणार. आणि खरं सांगू का, २००९ मध्ये मी तोच होते. बावीस वर्षांची, दोन पुस्तकं वाचलेली. आजीला म्हटलं होतं, "आजी, असं काही नसतं गं, सगळं मनाचं असतं." आजी भिंतीकडे तोंड करून झोपली. मग संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी देवळात नारळ आणि एकशे एक रुपये ठेवले होते गाईच्या नावाने. आजीच्या हातात नारळाची शेंडी दिली आणि म्हणाल्या, "ही घ्या शेपटी, घट्ट धरा." मला तेव्हा इतका संताप आला होता, अंधश्रद्धा वगैरे. आजीने ती शेंडी रात्रभर सोडली नाही. झोपली मात्र, बऱ्याच दिवसांनी.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे दुर्योधन सिंहासनावर. भाऊ कुठे आहेत म्हणून हा शोधत जातो तो थेट नरकात, अंधार, कुजका वास, सहन होत नाही म्हणून परत फिरतो. तेव्हा आवाज येतात, थोडा वेळ थांब, तू आलास तर गार वारा आला. विचारतो कोण तुम्ही, तर कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी. तो थांबतो. देवदूताला सांगतो, जा, मी इथेच राहणार. मग इंद्र येऊन म्हणतो ही सगळी माया होती, द्रोणांना अश्वत्थाम्याबद्दल फसवलंस म्हणून तुलाही फसवून नरक दाखवला. म्हणजे शेवटी जागा नव्हतीच. पण युधिष्ठिराला ते थांबल्यावर कळलं, आधी नाही. आवाज आले तेव्हा त्याने "तुम्ही माझ्या मनात आहात" असं म्हटलं नाही.

हे एवढं लिहून मी मधेच मावशीला फोन केला. झोपली नव्हती. म्हणाली काही नाही गं, पडलेय नुसती. मी म्हटलं, मावशी, संध्याकाळी तू पुराचं विचारलं होतंस ना, काकांना पोहता येत नव्हतं पण दावणीला गाय होती की त्यांच्या, कपिला, आयुष्यभर त्यांनीच धार काढली तिची. दान नसेल दिली, पण ती ओळखेल त्यांना.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाथा मारायची गं ती. पण ह्यांना नाही."