यील्ड टू कॉल विचारा

‘कोल्हापुरातल्या ब्रोकरनं साडेनऊ टक्क्यांचा, हजार दर्शनी किमतीचा बाँड १,०६० ला सुचवलाय. मुदत सात वर्षं, दोन वर्षांनी कॉल. घ्यावा का?’

कॉल म्हणजे मुदतीआधीच हजार परत करून बाँड मोडायचा कंपनीचा हक्क. कंपनीला नवं कर्ज साडेसातनं मिळत असेल तर ती साडेनऊ देत कशाला बसेल? शंभर कोटींच्या इश्यूवर वर्षाला दोन कोटी वाचतात. कॉल झाला की हातात हजारच येतील, वरचे ६० गेले. वर्षाला ९५ व्याज धरूनही कॉलपर्यंतचा परतावा, म्हणजेच यील्ड टू कॉल, पडतो ६.२ टक्के. ब्रोकरनं सांगितलेला ८.३ असेल, तर तो सात वर्षांचा हिशेब, कॉल न धरता. शिवाय ते हजार पुन्हा साडेसातलाच गुंतवायचे. दर चढले तर मात्र कॉल होणार नाही, मग स्वस्त व्याजात अडकणार तुम्हीच. ९८० ला मिळाला असता तर गोष्ट वेगळी.