दोन हायड्रोजन कमी, तरी काम एनईआरचं

„डीएनए दुरुस्तीचं सोपं सूत्र लक्षात ठेवा. नुकसान छोटं असेल तर बेस एक्सिजन रिपेअर म्हणजे बीईआर, मोठं असेल तर न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर म्हणजे एनईआर. बीईआर शरीरातल्या ऑक्सिडेशनसाठी, एनईआर उन्हातल्या यूव्ही किरणांसाठी. बीईआर एकच बेस बदलते, म्हणून साधी आणि निर्धोक; खरं जोखमीचं काम एनईआरचं.“

हा मजकूर परीक्षेच्या तोंडावर फिरतो आणि नंतर उत्तरपत्रिकांत जसाच्या तसा उतरतो. तो सपशेल खोटा असता तर खोडायला सोपा गेला असता. अडचण अशी की बऱ्याच नेहमीच्या उदाहरणांना तो लागू पडतो, त्यामुळे त्याच्यामागचं कारण चुकलंय हे लक्षातच येत नाही. म्हणून एक असं उदाहरण घेऊ, जिथे तो पार उलटा पडतो.

पेशीत किरणोत्सारामुळे पाण्याचा रेणू फुटला, किंवा लोहाच्या संगतीत हायड्रोजन पेरॉक्साइड फुटलं, की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो इतका उतावळा असतो की जन्मल्या जागेपासून फार लांब जातच नाही, जवळ जे सापडेल त्यालाच धरतो. समजा तो ग्वानिनवर आदळला. ग्वानिनच्या आठव्या कार्बनवर ऑक्सिजन बसला आणि ८-ऑक्सोग्वानिन तयार झालं. न्यूक्लिओटाइडचं वजन १६ एककांनी वाढलं. दुहेरी साखळीचा पीळ मात्र जवळपास होता तसाच राहतो. धोका एवढाच की प्रत काढताना हे ग्वानिन कूस बदलून सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवू शकतं.

ओजीजी-१ हे ग्लायकोसिलेज विकर इथे येतं. ते खराब बेस साखळीबाहेर उलटवून आपल्या खोबणीत घेतं आणि बेसला शर्करेशी जोडणारा एकुलता एक बंध तोडतं. बेस सुटून जातो आणि मागे बेस नसलेली शर्करा उरते. एपीई-१ तिच्या बाजूचा कणा कापतं, डीएनए पॉलिमरेज बीटा ती रिकामी शर्करा काढून योग्य न्यूक्लिओटाइड बसवतं आणि एक्सआरसीसी-१च्या साथीने लायगेज-३ सांधा जोडतं. ही झाली पाठ्यपुस्तकातली बीईआर, आणि इथपर्यंत ते सूत्र बरोबर ठरतं.

आता तसाच रॅडिकल एका ॲडेनिनपाशी जन्मला, पण त्याने बेसला हात न लावता शर्करेच्या पाचव्या कार्बनवरचा एक हायड्रोजन ओढून नेला. उघडा पडलेला तो कार्बन आपल्याच ॲडेनिनच्या आठव्या कार्बनला जाऊन चिकटला. त्या जोडणीत दुसरा हायड्रोजन गेला. जे तयार झालं त्याला सायक्लोडीऑक्सिॲडेनोसिन म्हणतात. मूळ डीऑक्सिॲडेनोसिनचं वजन २५१, याचं २४९. म्हणजे नुकसान झालेला भाग मुळापेक्षा हलका झाला. बाहेरून काही चिकटलं नाही, काही फुगलं नाही. „छोटं नुकसान“ म्हणायचं तर याहून छोटं काय असेल?

आणि तरीही ग्लायकोसिलेज इथे हतबल आहे. त्याला एकच काम येतं: बेस आणि शर्करा यांच्यातला तो नेहमीचा बंध तोडणं. पण इथे बेस शर्करेला दोन ठिकाणी बांधलेला आहे. नेहमीचा बंध कसाबसा तोडला, तरी पाचव्या कार्बनवरची गाठ बेसला तिथेच धरून ठेवते. बेस सुटत नाही, रिकामी शर्करा उरत नाही आणि पुढच्या विकरांना कामच मिळत नाही. म्हणून कण्यासकट तो सगळा पट्टा कापून काढणं हाच मार्ग उरतो, आणि ते काम एनईआर करते.

हे नुसतं कागदावरचं तर्कशास्त्र नाही. एनईआर झाली की नाही हे ओळखायची एक सरळ परीक्षा आहे. एका ठरावीक जागी हे नुकसान असलेला आणि किरणोत्सारी खूण लावलेला डीएनए पेशींच्या अर्कात ठेवायचा आणि नंतर जेलवर पाहायचं. मानवी एनईआर नुकसानाच्या दोन्ही बाजूंना काप देते, त्यामुळे साधारण २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा बाहेर पडतो. बीईआरमध्ये असा तुकडा पडत नाही, कारण तिथे आधी सुटा बेस निघतो. सायक्लोडीऑक्सिॲडेनोसिनची दुरुस्ती एनईआरच करते हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं. या नुकसानावर आजवर तपासलेल्या ग्लायकोसिलेजांपैकी एकालाही बेस सोडवता आलेला नाही.

म्हणजे विचारायचा प्रश्न आकाराचा नाही. खराब बेस एका बंधावर सुटण्यासारखा आहे का, आणि तो ज्याच्या खोबणीत बसेल असं ग्लायकोसिलेज पेशीकडे आहे का? दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर बहुतेक वेळा बीईआर. मानवी पेशीत अशी अकरा ग्लायकोसिलेज आहेत आणि प्रत्येकाची आवड ठरलेली आहे. युरॅसिल काढणाऱ्याला ८-ऑक्सोग्वानिनचं काही पडलेलं नसतं.

एनईआरची ओळखायची पद्धत मुळातच वेगळी आहे. एक्सपीसी हे प्रथिन खराब बेसला हातही लावत नाही. दोन साखळ्यांमधली जोडी कुठे सैल पडली आहे हे ते पाहतं आणि समोरच्या निरोगी साखळीत आपली बोटं घालतं. नुसती सैल जोडी असेल, रसायन बिघडलेलं नसेल, तर एवढ्यावर काप बसत नाही. मग टीएफआयआयएच या संचातलं एक्सपीडी एका साखळीवरून सरकत जातं आणि रासायनिक बिघाडापाशी अडतं. ही दुसरी खात्री झाली की एक्सपीजी एका बाजूने आणि एक्सपीएफ-ईआरसीसी-१ दुसऱ्या बाजूने कापतात. या पद्धतीमुळेच एनईआरला नुकसानाचं नाव-गाव माहीत असावं लागत नाही. आणि याच पद्धतीमुळे तिची अडचणही होते.

ती अडचण नेमकी यूव्हीच्याच बाबतीत दिसते, आणि हा त्या मजकुराचा दुसरा कच्चा दुवा आहे. यूव्हीमुळे शेजारच्या दोन पिरिमिडिनांची गाठ पडते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. ६-४ प्रकार साखळीला चांगलाच वाकवतो, तो एक्सपीसीला लगेच सापडतो आणि काही तासांत बराचसा निघून जातो. सायक्लोब्युटेन डायमर मात्र जोडी फारशी सैल करत नाही, त्यामुळे एक्सपीसी त्याच्यावरून निघून जातं. तिथे डीडीबी-२ हे प्रथिन आधी तो डायमर ओळखून देतं, आणि एवढं होऊनही मानवी पेशीत तो साफ व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. एनईआर यूव्हीसाठीच घडली असती तर यूव्हीतून सर्वांत जास्त प्रमाणात होणाऱ्या नुकसानाला तिने असं हुकवलं नसतं.

उलट बाजूने पाहिलं तर मजा अशी की हाच डायमर बीईआरच्या धाटणीनेही काढता येतो. टी-४ या विषाणूकडे एंडोन्यूक्लिएज-५ नावाचं विकर आहे. नावावर जाऊ नका, ते मुळात ग्लायकोसिलेज आहे. डायमरच्या एका पिरिमिडिनचा शर्करेशी असलेला बंध ते तोडतं आणि लगेच कणाही कापतं. आपल्याकडे असं विकर नाही, एवढाच फरक. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात एनईआर जन्मतःच बिघडलेली असते. अशा रुग्णांच्या त्वचेवर हे विकर लोशनमधून लावून पाहण्यात आलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्वचेवरच्या कर्करोगपूर्व चट्ट्यांचं प्रमाण कमी झालेलं आढळलं. एनईआरचं म्हणून ठरवून टाकलेलं काम उसन्या ग्लायकोसिलेजने काही अंशी केलं.

आता ऊन पोचत नाही अशा जागा पाहू. सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध शेजारच्या दोन ग्वानिनांना प्लॅटिनमने बांधतं. तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ ग्वानिनला येऊन चिकटतो, आणि तोही फुप्फुसाच्या पेशीत. दोन्ही ठिकाणी एनईआर लागते. झेरोडर्माच्या काही रुग्णांमध्ये मेंदूतल्या चेतापेशी हळूहळू नष्ट होत जातात. कवटीच्या आत यूव्ही पोचत नाही. वर पाहिलेली सायक्लो-नुकसानं तिथे साठत असावीत, हा त्यासाठी मांडलेला एक तर्क आहे, तो अजून सिद्ध झालेला नाही, पण „एनईआर म्हणजे ऊन“ या समजाने तर या रुग्णांबद्दल प्रश्नच पडला नसता.

राहिला निर्धोकपणाचा मुद्दा. बीईआर एकच बेस बदलते हे बऱ्याचदा खरं आहे. पण त्या वाटेवर आधी बेस नसलेली जागा येते आणि मग साखळीत तूट येते. या दोन्ही अवस्था मूळ नुकसानापेक्षा वाईट असतात. ८-ऑक्सोग्वानिनवरून पॉलिमरेज निदान पुढे तरी सरकतं. रिकाम्या जागेपाशी ते अडखळतं किंवा अंदाजाने काहीतरी बसवतं. त्यामुळे बीईआरमधली विकरं आपलं काम एकमेकांच्या हाती सोपवल्यासारखं पुढे देतात, मधे उघडं पडू देत नाहीत. ही साखळी बिघडली की काय होतं? एपीई-१ किंवा एक्सआरसीसी-१ नसलेले उंदीर गर्भातच मरतात. एक्सपीए नसलेले, म्हणजे एनईआर बंद असलेले उंदीर मात्र जन्मतात, वाढतात. यूव्ही दिल्यावर त्यांना त्वचेचे कर्करोग होतात, ही गोष्ट वेगळी. किरकोळ काम कुणाचं, हे यावरून ठरवावं.

बीईआर आपल्याच हाताने मोठं नुकसान करू शकते अशी एक परिस्थितीही आहे. आयनीकारक किरणोत्साराच्या एका मार्गावर अनेक रॅडिकल एकदम तयार होतात, त्यामुळे समोरासमोरच्या साखळ्यांवर काही बेसांच्या अंतराने दोन नुकसानं होऊ शकतात. प्रत्येक नुकसान सुटं पाहिलं तर बीईआरसाठी अगदी रोजचं. पण दोन्हीकडे ग्लायकोसिलेज एकाच वेळी पोचलं आणि दोन्ही कणे कापले गेले, तर दुहेरी साखळीच तुटते. मग त्या तुटीपुढे बीईआर आणि एनईआर दोघींचाही इलाज चालत नाही. तिथे टोकं जोडणारी वेगळीच यंत्रणा बोलवावी लागते.