भिंत नव्हती म्हणून अडकलो

दहापैकी सहा. वाट सापडली होती, तीही कमीत कमी पावलांची, तरी सहा! ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात असाइनमेंट होती: भूलभुलैयात वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायची वाट शोधणारा प्रोग्राम. मी बीएफएस लिहिलं, म्हणजे आधी जवळची घरं, मग त्यापुढची, असं थराथरानं शोधायचं. सरांचा भिंतींनी खच्चून भरलेला नमुना त्यानं क्षणात सोडवला. मग सरांनी सगळ्या भिंती पुसून 20×20 घरांचं मोकळं मैदान दिलं आणि लॅपटॉप गिरणीसारखा घरघरायला लागला.

लॅबचे मामा झाडू टेकवून मागे उभे राहिले.

"काय शोधतंय हे?"

"रस्ता, मामा."

"मग भिंत कुठंय?"

"नाहीये."

"मग अडलंय कुठं?"

मी समजावलं. रांगेतून एक घर काढायचं, त्यावर 'पाहिलं' अशी खूण करायची, मग खूण नसलेले शेजारी रांगेत लावायचे. मामा कळव्याच्या एका मंडळाचे खजिनदार. ते हसलेच. "पोरगा वर्गणी मागायला दारात पोचल्यावर खूण करता होय? अहो, पाठवतानाच वहीत खूण करायची! नाहीतर तो जिना चढेपर्यंत दुसरा त्याच घराकडे निघतो."

नेमकं तेच झालं होतं. 3×3 च्या मैदानात मधलं घर वरूनही रांगेत येतं, डावीकडूनही, म्हणजे दोनदा. प्रत्येक प्रत आपापले शेजारी पुन्हा रांगेत ढकलते, म्हणून शेवटचा कोपरा सहादा येतो. 10×10 मध्ये 100 नोंदी पुरतात. माझ्या रांगेत 1,84,755 झाल्या असत्या. 20×20 चा शेवटचा कोपरा एकटाच साडेतीन हजार कोटींहून जास्त वेळा. अरुंद बोळात घराकडे यायला वाट एकच, म्हणून भिंती होत्या तोवर चूक झाकली गेली. उत्तर कधीच चुकत नाही, फक्त ते येईतो सबमिशनची तारीख उलटते. उपाय मामांचाच, रांगेत लावतानाच खूण:

```python
if not seen[nr][nc]:
    seen[nr][nc] = True
    q.append((nr, nc))
```

सुरुवातीच्या घरावरची खूण लूपच्या आधी. एवढंच.

शेजारच्या बाकावरून सल्ला आला, "डीएफएस लिहायचंस ना." डीएफएस म्हणजे एक वाट धरायची आणि अडेपर्यंत सोडायची नाही. त्याचं डीएफएस वर, डावीकडे, खाली, उजवीकडे या क्रमानं शेजारी बघतं. मोकळ्या 10×10 मध्ये ते एक रकाना खाली, पुढचा वर, असं नांगरत 90 पावलांनी पोचतं, लागतात 18. स्टेशनवरून तलावपाळीला घोडबंदर मार्गे. पण त्याला आठ मार्क! वाट 'सापडली' ना, आणि लॅपटॉप गप्प होता. सर्वांत जवळची वाट हवी असं प्रश्नात लिहिलंच नव्हतं, हे सरांनी मला निकालानंतर सांगितलं.

मामांनी खिशातून वही काढली. "तुमचे दीडशे लिहू?" मी पाकिटाला हात घालण्याआधीच माझ्या नावापुढे खूण झाली होती.