ऐंशी मिनिटं आणि एक टॉवेल

नाकाचं साल अजून निघतंय, तेव्हा भाषेत कडवटपणा आला तर सांभाळून घ्या. मे महिना, जळगाव, उघडा तलाव, सकाळी दहाची बॅच. पाचशेच्या सनस्क्रीनवर ठळक छापलेलं: वॉटर रेझिस्टंट, 80 मिनिटे. पोहलो जेमतेम अर्धा तास, आणि संध्याकाळी खांद्यांवर पापड भाजून निघाला असता.

त्यापेक्षा जास्त झोंबले ते पायरीवरचे काका. भुसावळहून रेल्वेतून रिटायर झालेले, अंगाला मोहरीचं तेल, डोक्याला लखलखीत टक्कल. मी वीस मिनिटांनी वर येऊन टॉवेलनं खसाखसा अंग पुसत होतो. त्यांनी ट्यूब उचलली, हात लांब करून वाचली.

"ऐंशी मिनिटं. कुठून सुटते?"

"काय?"

"गाडी भाऊ. ऐंशी मिनिटं कुठून कुठपर्यंत? मधी हॉल्ट किती?"

हसायला आलं, पण प्रश्न बिनतोड होता, कारण हा आकडा ज्या चाचणीतून येतो तिच्यात खरंच हॉल्ट असतात. अमेरिकी नियमात माणसाच्या पाठीवर क्रीम लावतात, ती वाळू देतात आणि त्याला छताखालच्या हौदात उतरवतात. वीस मिनिटं पाण्यात, पंधरा मिनिटं बाहेर, पुन्हा वीस मिनिटं पाण्यात. असे चार फेरे झाले की पाण्यातली ऐंशी मिनिटं भरतात. दोनच केले तर लेबलवर चाळीस. मग एसपीएफ मोजतात. मधल्या हॉल्टमध्ये अंग हवेवर वाळवायचं, टॉवेल लावायचा नाही.

"आन तुम्ही तर रुळच उखडून राहिले," काका माझ्या टॉवेलकडे बघत म्हणाले.

हेच ते. क्रीममधले पाण्यात न विरघळणारे पॉलिमर कातडीवर पातळ पापुद्रा धरतात. पाणी त्याला हळूहळू सोडवतं, पण टॉवेल एका फटक्यात खरवडून नेतो. म्हणून अंग पुसलं की उरलेली मिनिटं रद्द, पुन्हा लावायचं. न पुसताही पाण्यातली ऐंशी मिनिटं झाली की लावायचंच, आणि पाण्याला शिवलाच नाहीत तरी दर दोन तासांनी. हे सगळं ट्यूबच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. पुढचा आकडा मात्र चष्म्याशिवाय वाचता येतो! आपल्याकडे कित्येक ट्यूबांवर तर मिनिटंही नसतात, नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’. ती गाडी कुठून सुटते ते स्टेशन मास्तरलाही सांगता यायचं नाही.

माझी दुसरी चूक त्याच्या आधीची. बॅचला उशीर झाला म्हणून ओल्या अंगावर क्रीम फासली आणि लगेच शॉवरखाली गेलो. शॉवरशिवाय वॉचमन आत सोडत नाही. आधी अंग कोरडं हवं, मग क्रीम, मग पंधरा मिनिटं थांबायचं, तेव्हा पापुद्रा बसतो. म्हणजे शॉवर घ्या, वाळा, लावा, सावलीत बसून राहा. पाऊण तासाच्या बॅचमध्ये हे बसवून दाखवावं कुणीतरी.

"किती लावली व्हती?"

"वाटाण्याएवढी."

चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. पोहायच्या कपड्यातल्या मोठ्या माणसाला त्या हिशेबानं साधारण तीस मिली लागते. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर ओढलेल्या दोन रेघा. काकांनी ट्यूब उलटी केली. पन्नास मिली.

"म्हंजे दोनदा लावली का खलास? भाऊ, एवढ्यात तर माझं तेल वर्षभर..." तेलानं ऊन थांबत नाही, उलट तेलकट कातडीवर क्रीमचा पापुद्रा धरत नाही, हे मी सांगत होतो. त्यांनी कान खाजवला.

घामाची गोष्ट तर आणखी वाईट. लेबलवर ‘पोहताना किंवा घाम आल्यावर’ लिहितात, पण अमेरिकी नियमात घामाची वेगळी चाचणीच नाही. हौदातलीच मिनिटं घामालाही चिकटवतात. हौदातलं पाणी पापुद्र्याला बाहेरून भिडतं, घाम मात्र खालून येतो आणि त्याला उचकटतो. वर आपला रुमाल. मेमध्ये स्कूटरवर तोंडाला गुंडाळलेला तो मोठा रुमाल सिग्नलागणिक कपाळ पुसतो. डोळे चरचरले की समजायचं, कपाळावरची क्रीम निघाली. लालीची वाट बघण्यात अर्थ नाही, ती काही तासांनी उगवते, तोवर भाजून झालेलं असतं.

"थोडी टकलाला द्या," काका म्हणाले. दिली. तेलावरच थापली.

"काका, तेल पुसा आधी! आणि पंधरा मिनिटं..."

छपाक. पाण्यावर पांढरट, इंद्रधनुषी तवंग पसरत गेला. वॉचमननं शिट्टी मारली आणि बोट दाखवलं माझ्याकडे, कारण ट्यूब माझ्या हातात होती.